दिमतीचा वेळ



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्यांची यादी पाहिली आणि जरा दडपणच आलं. कोणी संतवाङ्मयावर बोललं, कोणी राज्यघटनेवर. मी आयुष्यभर हजेरी आणि पगार या खात्यात काम केलेला माणूस. टाइमकीपर म्हणून चिकटलो आणि निवृत्त होईपर्यंत लोकांचे तास मोजत बसलो. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "दोन कामांच्या मधला रस्ता कोणाचा?" ते म्हणाले, "वा! म्हणजे खड्ड्यांवर बोलणार तर." खड्डे येतीलच अधूनमधून, पण माझा प्रश्न रस्त्यावर जाणाऱ्या वेळाचा आहे. एका ग्राहकाकडचं काम संपवून माणूस दुसऱ्या ग्राहकाकडे निघतो. त्या मधल्या वेळाचा पगार द्यायचा की नाही? द्यायचा असेल, तर तो वेळ लिहायचा कसा?

तत्त्वं मागाहून पाहू. आधी एका माणसाचा एक दिवस बघू.

हा माणूस लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. कंपनी त्याला टेक्निशियन म्हणते, सोसायटीत सगळे त्याला लिफ्टवाला म्हणतात. राहायला हडपसरला. सकाळी ८:१० ला तो घरून निघाला आणि ९ वाजता कोथरूडच्या एका सोसायटीत पोचला. १०:२५ पर्यंत तिथलं मासिक सर्व्हिसिंग झालं. तिथून बाणेर. ११:०५ ला दारात हजर, पण मशीनरूमची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी बँकेत. ते ११:३० ला आले. मग १२:५० पर्यंत काम. त्यानंतर ४० मिनिटं जेवण. दीड वाजता तो निघाला भोसरीला, कारण पुढच्या कामाला लागणारा सुटा भाग तिथल्या स्टोअरमध्ये होता. सव्वादोनला स्टोअर, चलनावर सही करून २:३५ ला बाहेर, ३:०५ ला पिंपळे सौदागर. ४:४० पर्यंत तिथलं काम. तेवढ्यात फोन आला: विमाननगरला लिफ्ट बंद पडली आहे. संध्याकाळची गर्दी, ५:३५ ला पोचला. ६:५० ला लिफ्ट चालू झाली. ७:३५ ला तो घरी.

आता याची हजेरी माझ्या टेबलावर कशी आली ते ऐका. चार जॉब कार्डं आली. प्रत्येकावर काम सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि खाली ग्राहकाची सही. ८५ मिनिटं, ८० मिनिटं, ९५ मिनिटं, ७५ मिनिटं. एकूण ३३५, म्हणजे ५ तास ३५ मिनिटं. आमचा दिवस ८ तासांचा. म्हणजे हा माणूस दिवसाचा जेमतेम ७० टक्के वेळ कामात होता! सर्व्हिस मॅनेजरनी त्या आकड्याभोवती लाल गोल केला होता आणि शेरा मारला होता, "उत्पादकता कमी." आणि मित्रहो, कबूल करतो, त्या शेऱ्याखाली मी सही केली होती.

माणूस दमून घरी जातो आणि कागद म्हणतो, हा रिकामा होता. असं का होतं?

जॉब कार्ड जन्माला आलं ते ग्राहकासाठी. आमचा माणूस आला होता, एवढा वेळ होता, अमुक काम केलं, सही करा. त्याच्यावरून बिल निघायचं, नाहीतर वार्षिक करारातली फेरी पूर्ण झाल्याची नोंद व्हायची. ग्राहकाच्या दृष्टीनं ते कार्ड बरोबरच आहे, बाणेरच्या सोसायटीनं भोसरीच्या स्टोअरचा हिशेब का ठेवावा? चूक पुढे झाली. वेगळा हजेरीचा कागद ठेवायचा कंटाळा म्हणून कोणीतरी याच कार्डांची बेरीज पगाराला लावली. ग्राहकाकडून काय घ्यायचं आणि कामगाराला काय द्यायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही दोन्हींना एकच कागद लावला होता. ज्या वेळाचं बिल होत नाही तो वेळ झालाच नाही, असं मग आपोआप ठरत गेलं. मुद्दाम कोणी ठरवलं नव्हतं. मुद्दाम केलेलं निदान पकडता तरी येतं.

मग तो वेळ कोणाचा? माझं उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द जुना आहे: दिमत. माणूस कोणाच्या दिमतीला आहे? १०:२५ ते ११:०५ तो कोथरूडहून बाणेरला चालला होता. त्या ४० मिनिटांत त्याला आईला दवाखान्यात नेता आलं असतं का? नाही. मधेच घरी जाऊन आडवं होता आलं असतं का? नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून चालला होता? कंपनीच्या. कोणाच्या फायद्यासाठी? कंपनीच्याच. हात चालत नव्हते हे खरं, पण माणूस दिमतीला होता.

हे माझ्या मनचं नाही. आपल्या कायद्यात, "दोन ग्राहकांमधला प्रवास म्हणजे कामाचा वेळ" असं सरळ वाक्य लिफ्टवाल्यासाठी लिहिलेलं नाही. पण तत्त्व लिहिलेलं होतं, जरा दुसऱ्या घरात. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा घ्या, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर वगैरेंचा. कामाचे तास म्हणजे कामगार मालकाच्या दिमतीला असलेला वेळ, अशा अर्थाची व्याख्या त्यात होती. गाडी चालती असतानाचं काम त्यात यायचं, जोडीची किरकोळ कामं यायची, आणि टर्मिनसवर नुसतं हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळही यायचा. ड्रायव्हर शेवटच्या स्टॉपवर दहा मिनिटं चहा पीत बसला तरी ती मिनिटं कायद्यानं कामात धरली. हा कायदा लिफ्टवाल्याला लागू होत नव्हता, हे मी वकील नसूनही सांगतो. पण मोजायचं कसं, ते त्यानं दाखवलं आहे.

बाहेरच्या देशांत यावर बरंच भांडून झालं आहे. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या भांडीकारखान्याचं प्रकरण आलं. घड्याळात कार्ड मारून आपल्या बाकापर्यंत चालत जायला कामगारांना जी मिनिटं लागायची, ती कोणाची? न्यायालय म्हणालं, कामाची. झालं! देशभर दाव्यांचा पाऊस पडला, मालकवर्ग हबकला आणि दुसऱ्याच वर्षी, १९४७ मध्ये, तिथल्या काँग्रेसनं कायदा करून प्रत्यक्ष कामाच्या जागेपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ पगारातून बाहेर काढला. पण त्यांनी काय बाहेर काढलं नाही ते बघा. दिवसाचं काम सुरू झाल्यावर एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याचा वेळ आत राहिला. त्यांच्या श्रम खात्याचा नियम आजही तेच सांगतो, आणि त्यात एक फार बोलकं उदाहरण आहे. एका माणसाची सुट्टी एरवी ५ ला होते. त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं, ते ८ ला संपलं, आणि कंपनीत परत येऊन हजेरी द्यायची असल्यामुळे तो ९ ला कंपनीत पोचला. तर ९ पर्यंतचा सगळा वेळ कामाचा. पण ८ ला तो तिथूनच परस्पर घरी गेला, तर ८ नंतरचा वेळ त्याचा स्वतःचा. रस्ता कदाचित तोच असेल. फरक पडला तो हुकमामुळे.

ब्रिटनमध्ये घरोघर जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या बायका असतात. वीस मिनिटं एका घरी, अर्धा तास दुसऱ्या घरी. तिथल्या किमान वेतनाच्या नियमांत एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ धरावाच लागतो, पहिल्या घरी जाण्याचा आणि शेवटच्या घरून परतण्याचा धरत नाहीत. म्हणजे समुद्रापलीकडे दोन ठिकाणी, वेगवेगळ्या वाटांनी, उत्तर एकच आलं. मधला रस्ता मालकाचा.

इथे माझे मालक मित्र एक हुकमी पत्ता टाकतात. "अहो, पेट्रोलचे पैसे देतो ना!" देता. किलोमीटरला अमुक रुपये देता. पण पेट्रोल प्यायलं कोणी? मोटारसायकलनं. तिच्यावर बसलेल्या माणसाला काय दिलंत? प्रवासभत्ता गाडीचा खर्च भरून काढतो, माणसाचा वेळ भरून काढत नाही. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यानं प्रवासभत्ता वेतनाच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवला होता, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तो वगळलेल्या गोष्टींतच बसतो. गंमत अशी, की भविष्य निर्वाह निधीची वर्गणी काढताना हेच मित्र प्रवासभत्ता वेतनात धरू देत नाहीत. तिथे तो वेतन नसतो, आणि रस्त्यावरच्या वेळाचा विषय निघाला की तोच वेतन होतो. एकदा काय ते ठरवा.

आता त्या दिवसाचा हिशेब पुरा करू. ९ वाजल्यापासून ६:५० पर्यंत ९ तास ५० मिनिटं, म्हणजे ५९० मिनिटं. त्यातली ३३५ हातातल्या कामाची. दोन ठिकाणांमधल्या प्रवासाची ४०, ४५, ३० आणि ५५ मिळून १७०. बाणेरला किल्लीची वाट पाहण्याची २५, स्टोअरमधली २०. जेवणाची ४०. बेरीज जुळते, एक मिनिट सांडत नाही. यातलं जेवण तेवढं त्याचं स्वतःचं. राहिली ५५० मिनिटं, म्हणजे ९ तास १० मिनिटं. मी ज्याच्या कागदावर "कमी" या शेऱ्याखाली सही केली होती, त्यानं ठरलेल्या दिवसापेक्षा ७० मिनिटं जास्त दिली होती.

सोपं जावं म्हणून पगार २०,८०० धरू. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. ताशी १०० रुपये. समजा आठवड्याचे सहाही दिवस असेच गेले, तर ५५ तास होतात. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आणि जादा कामाला दर दुप्पट. लहान आस्थापना त्यातून वगळल्या आहेत, पण ही कंपनी काही लहान नव्हती. तर ७ तास जादा, दर २०० रुपये, आठवड्याला १,४०० रुपये. जॉब कार्डांच्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं, कारण त्या बेरजेत त्याचा आठवडा साडेतेहेतीस तासांचा होता.

कॉलवर पैसे मिळणाऱ्या मुलांचं तर याहून वाईट. समजा कॉलला १५० रुपये, दिवसाला ६०० झाले. फक्त कामाच्या तासांनी भागलं तर ताशी १०७ पडतात, वाटतं बरं चाललंय. दिमतीच्या तासांनी भागा, ताशी ६५ उरतात. आता हे ६५ रुपये किमान वेतनाशी ताडून बघा. किमान वेतन मोडतं ते बहुतेक वेळा असं, भागाकारात. कोणी कमी दर लिहून मोडत नाही.

इथवर तुम्ही माझ्याबरोबर असाल. आता अवघड भाग येतो. सकाळची हडपसर ते कोथरूड ही ५० मिनिटं आणि संध्याकाळची विमाननगर ते हडपसर ही ४५ मिनिटं, यांचं काय?

सामान्य नियम सांगून टाकतो: ती त्याची. आपण सगळेच घरून कामावर जातो, त्याचा पगार कोणी देत नाही. पण या नियमाला भोकं आहेत. साडेआठला आधी भोसरीला ये, सामान घे आणि मग कोथरूडला जा, असा हुकूम असेल, तर घड्याळ भोसरीला सुरू होतं. घरी बसून सकाळी ग्राहकांना दहा फोन करायला लावले असतील, तर ते फोन म्हणजे काम. दुसरं भोक जास्त मोठं आहे. या माणसाला ठरलेली कामाची जागाच नसेल तर?

स्पेनमध्ये टायको नावाच्या कंपनीचे तंत्रज्ञ चोरीविरोधी यंत्रणा बसवायचे. पूर्वी ते विभागीय कार्यालयात यायचे, गाडी घ्यायचे आणि निघायचे. घड्याळ कार्यालयात सुरू व्हायचं. २०११ मध्ये कंपनीनं ती कार्यालयं बंद केली. गाडी घरीच ठेवा, उद्याची यादी आदल्या रात्री फोनवर येईल, घरूनच पहिल्या ग्राहकाकडे जा. काही ग्राहक १०० किलोमीटरपेक्षाही लांब. आणि घड्याळ? ते आता पहिल्या ग्राहकाच्या दारात सुरू होणार! माणूस तोच, रस्ता तोच, पण कार्यालयाला कुलूप लागल्याबरोबर कामाचे तास आपोआप "घरचा प्रवास" झाले. २०१५ च्या सप्टेंबरात युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की ठरलेली जागा नसलेल्या अशा कामगारांचा पहिल्या ग्राहकाकडे जाण्याचा आणि शेवटच्याकडून परतण्याचा वेळही कामाचाच. पण थांबा, टाळ्या वाजवू नका. तो निकाल कामाच्या तासांच्या मर्यादेबद्दल होता, विश्रांतीबद्दल होता. त्या वेळाला पगार किती, हे त्यानं ज्या त्या देशावर सोडलं. वेळ कामाचा ठरला तरी दर वेगळा असू शकतो. या निकालाचा हवाला देताना आपल्याकडची मंडळी हे शेपूट हमखास कापतात.

असंच आणखी एक शेपूट आपल्याकडच्या निकालांना आहे. मुंबईच्या बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत काम संपवून दुसऱ्या बसनं घरी चालला होता, वाटेत अपघातात गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली बेस्टच्या विरुद्ध त्याच्या पत्नीच्या बाजूनं निकाल दिला: नोकरीच्या ओघातच हा अपघात झाला. २०२५ साली महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात, कामावर जाताना झालेल्या अपघातालाही न्यायालयानं ते छत्र दिलं. हे निकाल मोठे आहेत, पण ते नुकसानभरपाईचे आहेत. "रस्त्यात मेला तर भरपाई" यावरून "रस्त्यात होता म्हणून पगार" हे सिद्ध होत नाही. दोन्ही प्रश्नांत रस्ता आहे म्हणून दोन्हींचं उत्तर एक होत नाही.

मग घरच्या पट्ट्याचं काय करायचं? मी कंपनीत जे करून घेतलं ते सांगतो. हा कायदा नव्हे, करार आहे. नेमणुकीच्या वेळी प्रत्येकाच्या घरापासून त्याच्या नेहमीच्या भागापर्यंतचा वेळ ठरवला, एका बाजूला ४५ मिनिटं. तेवढा प्रवास त्याचा. त्याच्या वर जो जाईल तो कंपनीचा. म्हणजे त्या दिवशी हडपसर ते कोथरूड ५० मिनिटं लागली, तर ५ मिनिटं मोजायची. ५ मिनिटांनी काय होतं, असं विचाराल. त्या माणसाचं काही होत नाही. पण त्याला सोमवारी हडपसरहून तळेगावला पाठवायचं आणि तळेगावच्या मुलाला हडपसरला बोलवायचं, हा आमच्या नियोजन करणाऱ्या साहेबांचा छंद होता. प्रवास फुकट होता तोवर तो चालला. त्याला किंमत लागल्यावर दोन महिन्यांत बंद झाला.

मधल्या रिकाम्या वेळाबद्दलही दोन शब्द. दुसरं काम १ ला संपलं, तिसरं ४ ला आहे. हे तीन तास कोणाचे? इथे मी एकच प्रश्न विचारायचो: या माणसाला दुपारचा सिनेमा बघता आला असता का? "४ ला पिंपळ्यात पोच, तोवर तू मोकळा" असं स्पष्ट सांगितलं असेल, फोन उचलायची सक्ती नसेल, तर तो वेळ त्याचा. मग फक्त प्रवासाला खरोखर लागणारी मिनिटं मोजा. पण "जवळपासच राहा, कॉल आला तर लागलीच निघायचं" असं असेल, तर तो झाडाखाली झोपला असला तरी दिमतीला आहे. आणि बाणेरची २५ मिनिटं? किल्ली नसणं ही त्याची चूक नव्हती. हात रिकामे ग्राहकामुळे, माणूस मात्र कामावर.

आता लिहायचं कसं. हा माझा खरा प्रांत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आमच्या कागदाचा दोष असा, की तो बेटांसारखा होता. काम, मग पाणी, पुन्हा काम, पुन्हा पाणी. पाण्यात काय झालं ते कोणी लिहीत नव्हतं. मी त्याची साखळी केली. नियम एकच: एका ओळीची शेवटची वेळ हीच पुढच्या ओळीची सुरुवात. मधे फट राहता कामा नये. ९:०० कोथरूड, काम. १०:२५ निघालो बाणेरला. ११:०५ बाणेर, थांबलो, किल्ली नाही. ११:३० काम. १२:५० जेवण. १:३० निघालो भोसरीला, सामान. असं ६:५० पर्यंत. शेवटची वेळही वेगळी लिहायची नाही, कारण ती पुढच्या ओळीत येतेच. प्रत्येक ओळीला वेळ, जागा आणि एक शब्द: काम, रस्ता, थांबा, सामान किंवा स्वतःचा. थांबा असेल तर कारण, तेही चार शब्दांत. ग्राहकाची सही जॉब कार्डावर राहू दे, तिचा या वहीशी संबंध नाही.

पहिल्या आठवड्यात मुलं रात्री घरी बसून वही भरायची. ते लगेच ओळखू येतं. सगळ्या वेळा पूर्ण किंवा अर्ध्या तासावर येतात, कोथरूड ते बाणेर रोज बरोबर ३० मिनिटं. रस्ता असा वागत नाही. पावसात वेगळा, शुक्रवारी संध्याकाळी वेगळा. खरी वही ओबडधोबड असते, तिच्यात १०:२५ असतं, ११:०५ असतं. म्हणून दारात लिहा, हेल्मेट काढायच्या आधी.

नंतर मोबाइलवरचं ॲप आलं. जागेवर पोचलं की बटण दाबायचं. आम्ही खूश झालो आणि महिन्याभरात तक्रारी सुरू. एका मुलाची "पोचलो" आणि "काम संपलं" ही दोन्ही बटणं एकाच मिनिटाची! साहेब म्हणाले, चोरी. मी त्या सोसायटीत जाऊन बघितलं. लिफ्टचा खड्डा तळघरात, तिथे फोनला रेंज नाही. बटण त्यानं वेळच्या वेळी दाबलं होतं, पण नोंद रेंज आल्यावर गेली आणि ॲपनं नोंद पोचल्याची वेळ धरली, बटण दाबल्याची नाही. तेव्हापासून मी कुठल्याही नोंदयंत्राबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो: ही वेळ घडल्याची की पोचल्याची?

दुसरी खोड गोलाईची. हिशेब सोपा व्हावा म्हणून प्रत्येक टप्पा खालच्या पाव तासावर आणायचा, अशी सोय त्या ॲपमध्ये होती. आपल्या माणसाचे टप्पे घ्या: ४० चे ३०, ४५ चे ४५, ३० चे ३०, ५५ चे ४५. १७० ची झाली १५०. २० मिनिटं गेली, वाटतं किरकोळ. २६ दिवसांत ५२० मिनिटं होतात, ८ तास ४० मिनिटं. महिन्याला एक अख्खा दिवस गोलाईत विरघळला, आणि कोणी चोरला असं म्हणताही येत नाही. गोल करायचंच असेल तर दिवसाची बेरीज करा, आणि कधी वर कधी खाली, जवळच्या आकड्याकडे. टप्प्याला हात लावू नका. जेवणाची एक तासाची आपोआप वजावटही आम्ही काढून टाकली. ज्यानं ४० मिनिटांत डबा उरकला, त्याची २० मिनिटं आम्ही रोज खात होतो.

"पण ही मुलं खोटं लिहितील!" हा आक्षेप येणारच. काही लिहितील. एकजण वाटेत मुलीला शाळेतून घेऊन घरी सोडायचा आणि ते रस्त्यात दाखवायचा. त्याला बोलावलं, म्हटलं, मुलीला जरूर सोड, पण ओळ वेगळी कर, "स्वतःचा, ३५ मिनिटं". तेवढी कापली. बाकीचा सरळ रस्ता दिला. नकाशावरची वेळ आणि वहीतली वेळ यांत मोठा फरक दिसला तर विचारावं. पण फक्त विचारावं, आपोआप कापू नये. नकाशाला पोलिसांची नाकाबंदी माहीत नसते आणि पार्किंगसाठी सोसायटीच्या वॉचमनशी घातलेला वादही माहीत नसतो.

आणि नोंद ठेवायची कोणी? त्या भांडीकारखान्याच्या निकालाचा हा दुसरा भाग फार थोड्यांना ठाऊक आहे. रस्त्याची मिनिटं पुढच्याच वर्षी कायद्यानं काढून घेतली, पण नोंदीबद्दल न्यायालय जे म्हणालं ते टिकलं. नोंद ठेवणं मालकाचं काम. त्यानं ती धड ठेवली नसेल, तर कामगारानं वाजवी अंदाज द्यावा, आणि तो चुकीचा आहे हे मालकानं दाखवावं. निकाल अमेरिकेतला आहे, इथे बांधील नाही. पण माझ्या टेबलापुढे एक मुलगा तीन वर्षांच्या खिशातल्या डायऱ्या घेऊन उभा राहिला, आणि माझ्याकडे दाखवायला फक्त जॉब कार्डं होती, तेव्हा तो निकाल मला फार जवळचा वाटला.

साखळीची वही सुरू होऊन महिना झाला तेव्हा एक गोष्ट अशी दिसली, जी आम्ही शोधत नव्हतो. भोसरी. "सामान" ही ओळ जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत, आठवड्यातून तीन-चार वेळा. नेहमी लागणारे तेच पाच-सहा भाग. वर्षानुवर्षं आमची माणसं त्या स्टोअरच्या वाऱ्या करत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण वारी कुठल्याच जॉब कार्डावर नव्हती. कोथरूडला एका ओळखीच्या दुकानात आम्ही एक पत्र्याची पेटी ठेवली. किल्ल्या तिघांकडे. आपल्या माणसाची ४५ मिनिटं तिथेच वाचली.

तो लिफ्टवाला त्यानंतर एकदा मला भेटायला आला. वही घेऊन. म्हणाला, "साहेब, एक अडचण आहे. परवा ६:५० ला विमाननगरचं संपलं. मी घरी निघालो. ७:१० ला मुंढव्याच्या सिग्नलला उभा होतो, फोन वाजला. खराडीला लिफ्टमध्ये माणसं अडकलीत, परत फिर. आता ही वीस मिनिटं कोणाची?"

मी विचार केला. ६:५० ते ७:१० तो घरी चालला होता. कोणी त्याला थांबवलं नव्हतं, कुठेही गेला असता. ती त्याची.

"तुमची," मी म्हटलं. "पण फोन वाजला तिथून आमची. परत फिरलात तो रस्ता, खराडीचं काम, सगळं. आणि तिथून पुन्हा हडपसरला येणंही, कारण एकदा निम्म्या वाटेवर पोचलेल्या माणसाला आम्ही मागे बोलावलं."

"म्हणजे काय लिहू?"

"७:१०, मुंढवा, फोन."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि माझ्या टेबलावर वही टेकवून ती ओळ लिहिली.